बचत म्हणजे उरलेलं: उत्पन्न आणि खर्च वेगवेगळ्या टक्क्यांनी वाढतात तेव्हा

तालुक्याच्या अभ्यासिकेत मी अंकगणित शिकवतो. पुढ्यात बसणारी मुलंमुली बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. सकाळी मैदानावर धावायचं आणि दुपारी पोलीस भरतीच्या लेखीची तयारी करायची, असा त्यांचा दिवस. लेखीत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला पुरतं मिनिटही नाही. शेकडेवारीवरचा एक प्रश्न मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो, आणि दरवर्षी अर्ध्याहून जास्त वर्ग त्यात पडतो.

एका व्यक्तीचा खर्च उत्पन्नाच्या ८० टक्के आहे. उत्पन्न १५ टक्क्यांनी वाढलं, खर्च १० टक्क्यांनी वाढला. बचत शेकडा कितीने वाढली? पर्याय: ५, ७, २७, ३५.

सगळ्यात मोठा आवाज "पाच" असा येतो. मग थोडं कागदावर केलेले सात म्हणतात. दोनचार जण २७ वर ठाम असतात. उत्तर ३५ आहे हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास येतं, "सर, काहून पण? वाढलं तर दहा-पंधरा टक्केच न!"

हा "काहून" महत्त्वाचा आहे. उत्पन्न पंधरा टक्क्यांनी वाढलं आणि खर्च दहाने, तर बचत पस्तीस टक्क्यांनी कशी वाढते?

तीन ओळींचा हिशेब

उत्पन्न १०० धरा आणि प्रत्येक गोष्ट "आधी" व "नंतर" अशी मांडा. तोंडी करायचा मोह आवरा. सुरुवातीचे पंधरा दिवस तरी कागदावर तीन ओळी लिहायच्याच.

| | आधी | वाढ | नंतर |
|---|---|---|---|
| उत्पन्न | १०० | १०० चे १५% = १५ | ११५ |
| खर्च | ८० | ८० चे १०% = ८ | ८८ |
| बचत | २० | १५ − ८ = ७ | २७ |

बचतीची ओळ वरच्या दोन ओळींच्या वजाबाकीतून आली. तिला स्वतःचा टक्का कुणी दिलेला नाही. ती उरलेली रक्कम आहे. खळ्यावरचा माल विकून, उधारी फेडून, किराणा भरून जे डब्यात पडतं ते. म्हणून टक्क्यांची वजाबाकी करायची नाही, रकमांची करायची, आणि टक्का सगळ्यात शेवटी काढायचा. ७ ची वाढ २० वर झाली, ७ भागिले २० गुणिले १००, म्हणजे ३५.

आता चुकीचे पर्याय पुन्हा बघा. ५ हा १५ वजा १०. पण ते १५ टक्के १०० चे आहेत आणि १० टक्के ८० चे. पाया वेगळा असेल तर टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. एका पोत्यातलं अर्धं आणि दुसऱ्या पोत्यातलं पाव वजा करून काहीच कळत नाही, आधी दोन्ही पोत्यांत किलो किती हे ठाऊक हवं. ७ ही बचतीतली वाढ खरी, पण जुन्या उत्पन्नाच्या मानाने. २७ ही नवी बचत, तीही जुन्या उत्पन्नाच्या मानाने. प्रत्येक चुकीचा पर्याय हा कुठल्यातरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पेपर काढणारा हे आकडे हवेतून आणत नाही. तुमचा हिशेब जिथे जिथे अर्धवट थांबू शकतो, तिथला आकडा उचलून तो पर्यायात ठेवतो.

एक पाचवा आकडाही यात दडलेला आहे. "नवी बचत नव्या उत्पन्नाच्या शेकडा किती?" असं विचारलं तर २७ भागिले ११५, म्हणजे सुमारे २३.५. म्हणून प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत "कशाच्या मानाने" विचारलंय त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा.

पाच सेकंदांत दोन पर्याय बाद

"काहून"चं खरं उत्तर इथे आहे. उत्पन्न म्हणजे खर्च अधिक बचत. म्हणजे उत्पन्नाची वाढ ही खर्चाच्या वाढीची आणि बचतीच्या वाढीची एक प्रकारची सरासरी असते. जो भाग मोठा त्याचं वजन जास्त, पण सरासरी ती सरासरीच. आणि सरासरी नेहमी दोघांच्या मध्ये पडते.

खर्च १० टक्क्यांनी वाढला, एकूण उत्पन्न १५ टक्क्यांनी. १५ हा आकडा मध्ये यायचा असेल, तर बचतीची वाढ १५ च्या वरच असली पाहिजे. ५ आणि ७ काहीही न मांडता बाद. उलट खर्च उत्पन्नापेक्षा जास्त टक्क्यांनी वाढला असेल, तर बचतीची वाढ उत्पन्नाच्या वाढीपेक्षा कमीच निघणार, कधी उणेही.

आणि वाढ एवढी मोठी का? कारण बचतीचा वाटा लहान आहे. वीस रुपयांत एक रुपया वाढला की पाच टक्के होतात. खर्चाच्या ऐंशीत एक रुपया वाढला तर सव्वाच टक्का. ज्याच्या घरात शंभरातले पाचच उरतात, त्याची बचत थोड्याशा फरकाने दुप्पट होते किंवा पार नाहीशी होते. ज्याच्याकडे साठ उरतात त्याची बचत तेवढ्याच फरकाने फारशी हलत नाही.

सराव झाल्यावर तक्ता एका ओळीत येतो: उत्पन्नाचा वाटा गुणिले त्याची वाढ, वजा खर्चाचा वाटा गुणिले त्याची वाढ, भागिले बचतीचा वाटा. वरच्या उदाहरणात १५०० वजा ८००, भागिले २०. मी हे सूत्र पहिल्या दिवशी देत नाही. आधी दिलं की मुलं आकडे कुठे भरायचे हे पाठ करतात, आणि प्रश्नात "उत्पन्नाच्या" ऐवजी "खर्चाच्या" आलं की गाडी चिखलात.

मराठीचे चार शब्द, जिथे गुण जातात

गणित येत असूनही चूक होते ती बऱ्याचदा भाषेत. "उत्पन्नाच्या चतुर्थांश बचत" आणि "खर्चाच्या चतुर्थांश बचत" ही दोन वाक्यं घाईत सारखीच वाटतात. पहिल्यात उत्पन्न ४, बचत १, म्हणून खर्च ३. दुसऱ्यात खर्च ४, बचत १, म्हणून उत्पन्न ५. उत्पन्न २० टक्क्यांनी आणि खर्च १० टक्क्यांनी वाढला असं धरून दोन्ही करून बघा. पहिल्यात उत्पन्न ४०० वरून ४८०, खर्च ३०० वरून ३३०, बचत १०० वरून १५०, वाढ ५० टक्के. दुसऱ्यात उत्पन्न ५०० वरून ६००, खर्च ४०० वरून ४४०, बचत १०० वरून १६०, वाढ ६० टक्के. ५० आणि ६० दोन्ही पर्यायात शेजारी शेजारी बसलेले असतील, याची खात्री बाळगा.

इथे मी उत्पन्न १०० धरलं नाही हे लक्षात आलं असेल. १०० धरण्याची सक्ती नाही. बचत एक-तृतीयांश असेल तर उत्पन्न ३०० धरा, म्हणजे ३३.३३ चं झेंगट मागे लागत नाही. वाटे पूर्णांकात येतील असा आकडा घ्यायचा, एवढंच.

दुसरी जोडी "टक्क्यांनी" आणि "टक्के". बचत ४० टक्क्यांनी वाढली म्हणजे १०० ची १४०. बचत पूर्वीच्या १४० टक्के झाली, तरी १०० ची १४०. पण "बचत उत्पन्नाच्या ४० टक्के झाली" हे तिसरंच प्रकरण, तिथे जुन्या बचतीचा संबंधच नाही. तसंच "दीडपट झाली" म्हणजे वाढ ५० टक्के आणि "दुप्पट झाली" म्हणजे वाढ १०० टक्के, २०० नव्हे.

उलटा प्रश्न

आता पेपर काढणारा चाल बदलतो. तिन्ही वाढी देतो आणि वाटे विचारतो. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, खर्च ८ टक्क्यांनी, बचत ३२ टक्क्यांनी. खर्च आणि बचतीचं मूळ गुणोत्तर काय?

सरासरीची गोष्ट इथे पुन्हा कामी येते. १२ हा ८ आणि ३२ यांच्या मध्ये आहे, पण ८ ला फार चिकटून. ज्याला चिकटून, त्याचं वजन जास्त, म्हणजे खर्च मोठा. किती मोठा? १२ पासून ८ चं अंतर ४, आणि ३२ चं अंतर २०. अंतरं उलटी लावायची: खर्चाला समोरचं २०, बचतीला ४. गुणोत्तर ५ : १. वेगवेगळ्या दरांचे दोन तांदूळ किंवा दूध आणि पाणी मिसळण्याच्या उदाहरणांत जी मिश्रणाची रीत तुम्ही केली, तीच ही.

पडताळा घ्या. खर्च ५०० चे ५४०, बचत १०० ची १३२, बेरीज ६७२. मूळ उत्पन्न ६००, त्याच्यावर १२ टक्के म्हणजे ६७२. जमलं. गुणोत्तर उलटं, १ : ५, लिहिणं ही इथली नेहमीची चूक. पडताळा न घेता ती पकडायची असेल तर एकच विचारा: उत्पन्नाची वाढ कुणाच्या जवळ आहे? ज्याच्या जवळ, त्याचा वाटा मोठा. आणि उत्पन्नाचा टक्का दोघांच्या मध्ये नसेलच, तर प्रश्न उतरवून घेताना काहीतरी चुकलं आहे.

रुपये विचारले तर वेगळं काही करायचं नाही, शेवटी एक पायरी वाढते. खर्च उत्पन्नाच्या ७५ टक्के, उत्पन्न २० टक्क्यांनी आणि खर्च १२ टक्क्यांनी वाढला, त्यामुळे बचत महिन्याला २,२०० रुपयांनी वाढली. नवी बचत किती? १०० धरून उत्पन्न १२०, खर्च ८४, बचत २५ ची ३६. वाढ ११ वाट्यांची. ११ वाटे म्हणजे २,२००, तर एक वाटा २०० रुपये. नवी बचत ३६ वाटे, ७,२०० रुपये. प्रश्नात एकही रुपयाचा आकडा नसेल तर रुपयांत उत्तर निघूच शकत नाही, आणि वाटे दिलेले नसतील तर नुसत्या दोन टक्क्यांवरून बचतीची वाढही निघत नाही. अशा वेळी "माहिती अपुरी" हा पर्याय घाबरून सोडू नका.

खर्च किती वाढला तर चालतो

खर्च उत्पन्नापेक्षा जास्त टक्क्यांनी वाढला की बचत घटतेच, असा एक समज आहे. तो खोटा आहे. उत्पन्न १००, खर्च ४०, बचत ६० असलेल्या माणसाचं उत्पन्न १० टक्क्यांनी आणि खर्च २० टक्क्यांनी वाढू द्या. उत्पन्न ११०, खर्च ४८, बचत ६२. रुपयांत दोनने वाढलीच की. घटलं ते प्रमाण: आधी शंभरात ६०, आता ११० मध्ये ६२, म्हणजे सुमारे ५६ टक्के. प्रमाण नेहमी घटतं, रक्कम घटेलच असं नाही.

रक्कम नेमकी जिथल्या तिथे राहते तो काठ काढणं सोपं आहे. उत्पन्नाच्या वाढीला खर्चाच्या वाट्याने भागा. खर्च ८० टक्के आणि उत्पन्नवाढ १० टक्के असेल तर १० भागिले ०.८, म्हणजे १२.५ टक्के. खर्च त्याच्या आत वाढला तर डब्यात जास्त पडेल, बाहेर गेला तर कमी. आणि खर्च ९० टक्के असलेल्या घरात उत्पन्न ५ टक्क्यांनी आणि खर्च २० टक्क्यांनी वाढला तर १०५ मधून १०८ जातात, म्हणजे उणे ३, उधारी. सुरुवातीची बचत शून्यच असेल तर "किती टक्के वाढली" याला अर्थ उरत नाही, तिथे रुपयांतच बोलायचं.

एका घराचा पूर्ण हिशेब

पुस्तकात "एका व्यक्तीचा खर्च" एकाच आकड्यात येतो. घरात तसं नसतं, आणि आता पेपरातही खर्चाची वेगवेगळी कलमं देऊन प्रश्न येतात. वर्गात मी असं एक कल्पित घर मांडतो. कापूस आणि तुरीचं उत्पन्न १,८०,०००, दुधाचं ६०,०००, एकूण २,४०,०००. खर्चात बियाणं-खत-फवारणी-निंदण-वेचणी मिळून ८०,०००, घरखर्च ९०,०००, मुलीचं शिक्षण ३०,०००, एकूण २,००,०००. बचत ४०,०००.

पुढच्या वर्षी शेतीचं उत्पन्न १० टक्के, दुधाचं १५ टक्के वाढलं. खर्चात शेती २० टक्के, घर १० टक्के, शिक्षण ३० टक्के वाढलं. बचत?

इथे वर्ग दोन गटांत फुटतो. एक गट सरासरी काढतो: १० आणि १५ ची साडेबारा, २०, १०, ३० ची वीस. मग उत्पन्न २,७०,०००, खर्च २,४०,०००, बचत ३०,०००. नीटनेटकं दिसतं, पण चूक आहे, कारण ३०,००० च्या शिक्षणाला ९०,००० च्या घरखर्चाएवढंच वजन दिलं गेलं.

बरोबर रीत म्हणजे प्रत्येक कलमाची वाढ रुपयांत. शेती उत्पन्नात १८,००० आणि दुधात ९,०००, मिळून २७,०००. खर्चात शेती १६,०००, घर ९,०००, शिक्षण ९,०००, मिळून ३४,०००. म्हणजे बचत ७,००० ने घटून ३३,००० झाली. मग टक्के: उत्पन्नवाढ ११.२५, खर्चवाढ १७, बचतीतली घट ७,००० भागिले ४०,०००, म्हणजे १७.५ टक्के. तुमच्या लक्षात येईल की संपूर्ण रकमा मांडायची गरजच पडली नाही. नुसत्या वाढी जमवल्या, वजा केल्या आणि जुन्या बचतीने भागलं. परीक्षेत हेच करायचं, वेळ निम्मा लागतो.

एका वर्षी पुसदकडच्या एका मुलीने मध्येच हात वर केला. "सर, शेतीचं उत्पन्न असं सरळ १० टक्के वाढतच नाही. भाव वाढते न माल कमी होते." तिचं बरोबर होतं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ८,११० झाला. वाढ ५८९ रुपयांची, म्हणजे सुमारे ७.८ टक्के. आठच धरू. पण बोंडअळीने किंवा परतीच्या पावसाने एकरी उतारा १० टक्क्यांनी पडला तर? ८ वजा १०, दोन टक्के घट, असं वर्ग म्हणतो. इथे मात्र वजाबाकी नाही, गुणाकार आहे, कारण उत्पन्न म्हणजे भाव गुणिले क्विंटल. १.०८ गुणिले ०.९०, म्हणजे ०.९७२. घट २.८ टक्के. उत्पन्न आणि खर्च एकमेकांतून वजा होतात, भाव आणि माल एकमेकांना गुणतात. प्रश्नात कुठलं नातं आहे ते आधी ओळखायचं आणि मगच पेन टेकवायचं.

त्याच घराचा शेवटचा प्रश्न मी वर्गात लगेच सोडवून देत नाही, तास संपताना फळ्यावर ठेवतो. उत्पन्न २७,००० नेच वाढणार, घर आणि शिक्षणाची वाढ तीच राहणार, पण बचत ४०,००० च्या खाली जाऊ द्यायची नाही. मग शेतीखर्च जास्तीत जास्त किती टक्क्यांनी वाढलेला चालेल? बरेच जण १३.५ आणतात, कारण ते २७,००० ला २,००,००० ने भागतात. ती एकूण खर्चाची मर्यादा झाली. घराचे ९,००० आणि शिक्षणाचे ९,००० आधी बाजूला काढा. शेतीसाठी ९,००० उरतात, आणि ते ८०,००० वर ११.२५ टक्के होतात.